सात कुठे गेला?

८४ आणि १२६ यांचा मसावि आणि लसावि काढा. सहावी-सातवीच्या वर्कशीटमधलं अगदी नेहमीचं गणित. शेजारी रिकामी जागा, तिथे अवयवांची दोन झाडं काढायची, शेवटी मूळ अवयव लिहायचे आणि खाली दोन उत्तरं. तपासणाऱ्याच्या हातातल्या उत्तरसूचीत मसावि ४२ आणि लसावि २५२. मुलाने मसावि लिहिलाय ६. लाल पेनाची एक फुली मारली की काम संपतं, आणि तीस-चाळीस वह्यांचा गठ्ठा समोर असला की बहुतेक जण तेच करतात.

पण हे ६ उत्तर तीन-चार वेगवेगळ्या वाटांनी येऊ शकतं. प्रत्येक वाटेवर चूक वेगळ्या पायरीवर झालेली असते, आणि गंमत म्हणजे त्या चुकीचा माग मसाविच्या उत्तरात सापडतच नाही. तो सापडतो लसाविच्या उत्तरात, जिकडे आपण घाईत नुसती नजर टाकून पुढे जातो.

आधी बरोबर गणित मांडून घेऊ. ८४ चं झाड: ८४ म्हणजे ७ गुणिले १२, १२ म्हणजे ३ गुणिले ४, ४ म्हणजे २ गुणिले २. म्हणून ८४ = २ × २ × ३ × ७. १२६ चं झाड: १२६ म्हणजे ९ गुणिले १४, मग ९ चे ३ आणि ३, १४ चे २ आणि ७. म्हणून १२६ = २ × ३ × ३ × ७. दोन्हीकडे सामाईक आहेत एक २, एक ३ आणि एक ७. त्यांचा गुणाकार ४२, हा मसावि. सामाईक अवयव एकदाच घ्यायचे आणि उरलेले सगळे त्यांना जोडायचे, म्हणजे ८४ मधला जास्तीचा २ आणि १२६ मधला जास्तीचा ३; ४२ × २ × ३ = २५२, हा लसावि.

आता मुलाचा कागद. समजा त्याची दोन्ही झाडं बिनचूक आहेत, दोन्ही ओळींत अवयवही बरोबर उतरवलेत. पुढे त्याने एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं काढली, मधल्या भागात सामाईक अवयव लिहिले आणि दोन्ही बाजूंना उरलेले. मध्ये त्याने २ आणि ३ लिहिले. ७ मात्र दोन्हीकडे असूनही मध्ये आला नाही. डावीकडे २ आणि ७ राहिले, उजवीकडे ३ आणि ७. मसावि आला ६. लसाविसाठी आकृतीतल्या सगळ्या संख्यांचा गुणाकार केला: ६ × १४ × २१ = १७६४.

मुलगा शहाणा असेल तर इथे पडताळा घेईल. शाळेत शिकवलेला नियम त्याला पाठ असतो: दोन संख्यांचा गुणाकार म्हणजे त्यांच्या मसावि आणि लसाविचा गुणाकार. ८४ × १२६ = १०५८४. आणि ६ × १७६४? तेही १०५८४. पडताळा जुळला! मुलगा निश्चिंत होऊन पुढच्या गणिताकडे वळतो. शिक्षकानेही एवढंच पाहिलं तर तोही फसेल.

असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. वर्तुळांच्या आकृतीत मधला भाग गुणिले डावा भाग म्हणजे ८४, आणि मधला गुणिले उजवा म्हणजे १२६. लसावि काढताना आपण मधला, डावा आणि उजवा असे तिन्ही भाग गुणतो. त्याला पुन्हा मसाविने, म्हणजे मधल्या भागाने, गुणलं की मधला भाग दोनदा येतो: एकदा डाव्याबरोबर, एकदा उजव्याबरोबर. गुणाकार ८४ × १२६ असाच येणार. मध्ये काय ठेवलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मध्ये काहीच न ठेवता मसावि १ आणि लसावि १०५८४ लिहिला तरी पडताळा जुळेल. मसाविमधून जेवढं निसटलं तेवढंच लसाविमध्ये जाऊन बसतं, एक संख्या सातपट लहान होते, दुसरी सातपट मोठी, आणि गुणाकार जिथल्या तिथे. या नियमावर आपण ठेवतो तेवढा भरवसा त्याला या ठिकाणी पेलत नाही. तो गुणाकारातली किंवा उतरवण्यातली चूक पकडतो. विसरलेला सामाईक अवयव पकडणं त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे.

मग पकडायचा कसा? मुलाच्या मसाविने दोन्ही संख्यांना भागून पाहायचं. ८४ ÷ ६ = १४, १२६ ÷ ६ = २१. दोन्ही भागाकार निःशेष झाले, म्हणजे ६ हा सामाईक विभाजक नक्की आहे. त्यात मुलाचं काही चुकलेलं नाही. पण १४ आणि २१ यांच्यात अजून काही सामाईक उरलंय का? दोन्ही सातच्या पाढ्यातले. म्हणजे ६ हा ‘महत्तम’ नाही, आणि नेमकं काय राहिलं तेही समोर आलं. मसावि बरोबर असेल तर येणारे दोन भागाकार सहमूळ असलेच पाहिजेत: ८४ ÷ ४२ = २, १२६ ÷ ४२ = ३, आणि २ नि ३ मध्ये १ शिवाय काही सामाईक नाही. मला विचाराल तर वर्कशीटच्या तळाशी ‘पडताळा’ म्हणून छापायची ओळ हीच असावी. गुणाकाराच्या नियमासाठी मोठाले आकडे गुणत बसण्यापेक्षा ती सोपीही आहे.

आता दुसरा कागद. इथेही मसावि ६, पण लसावि २५२, म्हणजे बरोबर. तपासणारा म्हणेल, लसावि जमला, मसावि चुकला. वरवर पाहता पहिल्या मुलापेक्षा हा हुशार. पण वरच्या ओळीत पाहिलं तर दिसतं की ८४ समोर त्याने २ × २ × ३ एवढंच लिहिलंय. झाडात ७ आहे, ओळीत नाही.

ही चूक झाडाच्या आकारातूनच जन्मते. ८४ ची पहिलीच फोड ७ आणि १२ अशी केली की ७ ही मूळ संख्या वरच थांबते, तिला पुढे फांद्या फुटत नाहीत. १२ मात्र खाली वाढत जातो: ३ आणि ४, मग २ आणि २. अवयव उतरवताना मुलाची नजर झाडाच्या तळाशी जाते, तिथून जवळच्या ३ कडे येते, आणि वर एका बाजूला एकटा पडलेला ७ तसाच राहतो. म्हणून काही शिक्षक मूळ संख्या आली की लगेच तिच्याभोवती गोल करायला लावतात, आणि शेवटी फक्त गोल मोजून उतरवायला सांगतात. सवय साधी आहे आणि या एका चुकीवर पुरेशी आहे.

पण मग त्याचा लसावि बरोबर कसा आला? कारण १२६ च्या ओळीत ७ आहे. लसाविसाठी कोणत्याही एका संख्येत असलेला अवयव पुरतो. ८४ मधून तो गळला तरी १२६ मधून तो येतोच. त्याच्या ओळींप्रमाणे लसावि २ × २ × ३ × ३ × ७, म्हणजे २५२. उत्तर बरोबर आलं ते १२६ ने सावरून घेतलं म्हणून. इथे मात्र गुणाकाराचा पडताळा कामाला येतो: ६ × २५२ = १५१२, आणि हवे होते १०५८४. जुळत नाही. आणखी पुढे जाऊन १०५८४ ला १५१२ ने भागलं तर येतात बरोबर ७. हरवलेल्या अवयवाचं नावच हाती पडतं. त्याहून साधी गोष्ट म्हणजे ओळीतले अवयव गुणून पाहणे. २ × २ × ३ = १२; ८४ कुठे आहेत? एवढं पाहिलं असतं तर पुढची चूक झालीच नसती.

हेच दोन आकडे, ६ आणि २५२, तिसऱ्या वाटेनेही येऊ शकतात. ओळी दोन्ही बरोबर, मसावि काढताना ७ ची जोडी लावायची राहिली, पण लसावि मुलाने त्या जोड्यांवरून न काढता स्वतंत्रपणे काढला: प्रत्येक मूळ अवयव जिथे जास्तीत जास्त वेळा आलाय तितक्या वेळा घेऊन. म्हणजे नुसत्या उत्तरांवरून दुसरा आणि तिसरा मुलगा वेगळे ओळखता येत नाहीत. त्यासाठी अवयवांची ओळ वाचावीच लागते.

चौथा कागद ओळखायला सर्वांत सोपा. ७ दोन्ही ओळींतून गळलाय; मसावि ६, लसावि २ × २ × ३ × ३ = ३६. लसावि ३६, आणि दिलेली संख्या ८४! ८४ चा विभाज्य ८४ पेक्षा लहान कसा असेल? इथे आकडेमोडीचीही गरज नाही, नुसतं उत्तर प्रश्नाशेजारी ठेवून पाहायचं. तरीही असे कागद शिक्षकाच्या टेबलावर येतात, कारण लसावि ही संख्या दिलेल्या संख्यांइतकी किंवा त्यांच्याहून मोठीच असते, हे मुलांच्या डोक्यात त्या क्षणी नसतं. ‘लघुतम’ वाचलं की मूल लहान संख्येच्या शोधात निघतं.

शाब्दिक उदाहरणात हाच फरक डोळ्यांना दिसतो. समजा एका एसटी स्टँडवरून एका गावाची गाडी दर ८४ मिनिटांनी सुटते आणि दुसऱ्या गावाची दर १२६ मिनिटांनी. सकाळी ६ वाजता दोन्ही एकत्र सुटल्या. पुन्हा एकत्र कधी सुटतील? २५२ मिनिटांनी, म्हणजे सकाळी १०:१२ ला. पहिल्या मुलाच्या १७६४ मिनिटांप्रमाणे दुसऱ्या दिवशी सकाळी ११:२४ ला. त्याही वेळी त्या एकत्रच सुटतील, हे खरं. पण मधल्या काळात सहा वेळा एकत्र सुटून गेलेल्या असतील. त्याचं उत्तर सामाईक विभाज्य आहे, लघुतम नाही. चौथ्या मुलाच्या ३६ मिनिटांनी मात्र स्टँडवर कोणतीच गाडी नसेल. दोन्ही लसावि चुकलेले, पण एकाच तोलाचे नक्कीच नाहीत.

म्हणून गुणांचा प्रश्न येतो. समजा गणिताला ४ गुण आहेत: दोन झाडांना एकेक, मसाविला एक, लसाविला एक. पहिल्या मुलाला झाडांचे दोन मिळणार, मसाविचा जाणार. लसाविचा? तो चुकलाय, पण वेगळी चूक करून नव्हे. मधल्या भागात ७ न लिहिण्याचा तो थेट परिणाम आहे. एकाच चुकीला दोनदा दंड करू नये, या मताचा मी आहे. त्याची पुढची पायरी त्याच्या आकृतीला धरून बरोबर असेल तर तो गुण द्यावा. आमच्या शिक्षकांच्या गप्पांत यावर नेहमी वाद होतो. १७६४ ला गुण देणं म्हणजे चुकीच्या उत्तरावर शिक्का मारणं, असं म्हणणारेही आहेत, आणि वार्षिक परीक्षेत ते कदाचित बरोबरही असतील. पण सरावाच्या वर्कशीटमध्ये गुण म्हणजे मुलाला आणि आपल्याला कळवलेली माहिती असते. दुसऱ्या मुलाचं गणित जास्त अवघड. त्याचं २५२ उत्तरसूचीशी तंतोतंत जुळतं, म्हणून गुण अडवता येत नाही. पण त्याचा एक गुण मी ८४ च्या ओळीत कापेन, मसाविपाशी नाही, कारण त्याच्या ओळींमधून मसावि ६ च निघतो. दोघांनाही ३ गुण मिळतील. शेरे मात्र वेगळे: एकाला ‘१४ आणि २१ मध्ये काय सामाईक आहे?’ आणि दुसऱ्याला ‘२ × २ × ३ किती?’

झाड तपासताना आणखी एक खबरदारी. उत्तरसूचीत ८४ चं झाड २ × ४२ ने सुरू होत असेल आणि मुलाचं ७ × १२ ने, तर ते चूक नाही. फांद्या कशाही फुटोत, शेवटची मूळ संख्यांची यादी एकच येते. क्रम तेवढा बदलतो. हे इतकं सवयीचं वाटतं की त्याला सिद्धतेची गरज आहे हेच सुचत नाही. गाऊसने १८०१ साली ‘डिस्क्विझिशनेस अरिथमेटिके’ या ग्रंथात ते स्पष्टपणे मांडून सिद्ध केलं. झाडाच्या आकाराला गुण नसतात, टोकांना असतात.

आणि टोकांचीच एक चूक अशी आहे की ती आतापर्यंत सांगितलेले बहुतेक पडताळे चुकवून जाते. ७८ आणि ९१ घ्या. ७८ = २ × ३ × १३. ९१ पाशी मूल थबकतं. सम नाही, अंकांची बेरीज १० म्हणून ३ ने भाग जात नाही, शेवटी ० किंवा ५ नाही. ‘९१ ही मूळ संख्या’ असं ठरवून ते झाड तिथेच थांबवतं. मसावि १, लसावि ७८ × ९१ = ७०९८. अवयव गुणून पाहिले तर ९१ चे ९१ च येतात. मसावि गुणिले लसावि, तेही जुळतं. मसाविने भागून आलेल्या संख्या पुन्हा ७८ आणि ९१, आणि ९१ मूळ आहे असं मानणाऱ्याला त्यांच्यात काही सामाईक दिसणार नाही. खरं तर ९१ = ७ × १३. मसावि १३ आणि लसावि ५४६. सामाईक १३ एका झाडात टोकाला उघडा आहे आणि दुसऱ्यात ९१ च्या आत लपलेला.

असे फसवे आकडे थोडेच आहेत, पण वर्कशीटमध्ये वारंवार भेटतात: ५१, ५७, ८७, ९१, ११९, १३३. ते ओळखायला १२१ च्या आतल्या संख्येला २, ३, ५ आणि ७ ने भागून पाहिलं की पुरतं. एकानेही भाग गेला नाही तर ती मूळ. १२१ पासून १६८ पर्यंत त्यात ११ ची भर घालायची. मुलं २, ३, ५ च्या कसोट्या वापरतात कारण त्या नुसत्या नजरेने होतात. ७ ला खरोखर भागाकार करावा लागतो, म्हणून तो टाळला जातो. सामाईक अवयव निसटला की तो बहुधा ७, ११, १३ असाच असतो, ते यामुळेच.

तपासणाऱ्यासाठी यावर झाडांच्या वाटेलाच न जाणारा जुना उपाय आहे. मोठ्या संख्येतून लहान वजा करा. ९१ − ७८ = १३. जी संख्या दोघांना भागते ती त्यांच्या वजाबाकीलाही भागते, तेव्हा मसावि हा १३ चा विभाजक असणार, म्हणजे १ किंवा १३. ७८ ला १३ ने भाग जातो, ९१ लाही जातो; मसावि १३. अवयव पाडावे लागलेच नाहीत. ८४ आणि १२६ ची वजाबाकी ४२, आणि ४२ ने दोघांनाही भाग जातो, इथेही काम एका पायरीत संपलं. वजाबाकीने भाग जात नसेल तर लहान संख्या आणि वजाबाकी घेऊन पुन्हा तेच करत राहायचं. सुमारे २३०० वर्षांपूर्वी युक्लिडने ‘एलिमेंट्स’च्या सातव्या पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला हीच रीत दिली आहे. झाडांमधून आलेलं उत्तर पारखायला ती उत्तम, कारण झाडातली कोणतीही चूक तिच्यात शिरू शकत नाही.

उभ्या मांडणीत दोन्ही संख्यांना एकदम भागण्याची जी पद्धत आपल्याकडे रुळलेली आहे, तिचाही इथे एक फायदा आहे. ८४ आणि १२६ शेजारी लिहून २ ने भागले, ४२ आणि ६३. ३ ने भागले, १४ आणि २१. मूल इथे थांबलं तरी १४ आणि २१ तळाशी एकमेकांशेजारी उभे असतात. दोन वेगळ्या झाडांत विखुरलेल्या सातांपेक्षा ते सहज नजरेत भरतात. दोनपेक्षा जास्त संख्या आल्या की मात्र जपून. ६, १० आणि १५ यांचा मसावि १ आणि लसावि ३०. दोघांचा गुणाकार ३०, तर तिन्ही संख्यांचा ९००. मसावि-लसाविच्या गुणाकाराचा नियम दोनच संख्यांपुरता आहे, हे वर्कशीटवर लिहिलेलं फारसं आढळत नाही.

शेवटी वर्कशीट काढणाऱ्याबद्दल. ८४ आणि १२६ ही जोडी निसटलेला ७ पकडायला छान आहे, पण एक गैरसमज तिच्यातून सुटून जातो. काही मुलांना वाटतं की मसाविसाठी प्रत्येक सामाईक मूळ संख्या एकदाच घ्यायची, ती कितीही वेळा सामाईक असो. या जोडीत २, ३ आणि ७ एकेकदाच सामाईक आहेत, त्यामुळे त्या मुलालाही ४२ च मिळतील आणि पूर्ण गुणही. त्याला ७२ आणि १२० द्या. ७२ मध्ये तीन २ आणि दोन ३, १२० मध्ये तीन २, एक ३ आणि एक ५. मसावि हवा २४, त्याचा येईल ६. भागून पाहिलं तर १२ आणि २०, ज्यांच्यात अजून ४ सामाईक आहेत. इथे अवयव नजरेतून सुटलेला नाही, दोन दिसलाय आणि एकदा घेतलाही आहे. उरलेले दोन २ त्याने नियम समजून सोडलेत. त्या कागदावर ‘नीट पाहा’ असा शेरा लिहून उपयोग नाही, त्या मुलासमोर बसून ८ आणि १६ चा मसावि त्याच्याच नियमाने काढायला सांगावा लागेल. त्याचं उत्तर येईल २, आणि ८ ने १६ ला भाग जातो हे तर त्याला पाढ्यांतूनच माहीत असतं.